बँक अकाउंट बदललं, पत्र पाठवलं, ग्राहकानं फोन करून विचारलं पण, आणि तरी पैसे भलतीकडे गेले

मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे, येणाऱ्या पैशाचं सगळं माझ्याकडे, म्हणजे बिलं, वसुली, कोणाचं किती थकलंय ते. मध्यंतरी आमच्या कंपनीनं बँक बदलली. कर्जाची लिमिट नवीन बँकेकडे गेली आणि त्यांची अट होती की ग्राहकांचे पैसे पण आता आमच्याकडेच आले पाहिजेत. म्हणजे २१२ ग्राहकांना कळवायचं की बाबांनो उद्यापासून पैसे इकडे नको, तिकडे पाठवा. वाटलं एक मेल टाकायची आणि झालं काम, पण पुढचे पाच महिने हेच चाललं होतं म्हणून सविस्तर लिहितेय, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी पहिली मेल कशी गेली ते सांगते कारण सगळी गडबड तिथूनच सुरू झाली. साहेबांनी मजकूर सांगितला, मी टाईप केला, लेटरहेडवर पीडीएफ केली. मजकूर साधारण असा होता:

"कळविण्यात येते की आमचे बँक अकाउंट बदलले आहे. जुने अकाउंट लवकरच बंद होत असल्याने यापुढील सर्व पेमेंट तात्काळ खालील अकाउंटवर करावे. पेमेंट करण्यापूर्वी खातरजमा करावी. त्यासाठी खालील मोबाईल नंबरवर संपर्क साधावा."

खाली नवीन अकाउंट नंबर, बँकेचं नाव, आणि आमच्याच एका माणसाचा मोबाईल. तेव्हा मला यात काहीही चुकीचं दिसलं नव्हतं, खातरजमा करा असं लिहिलंय म्हणजे आपण जबाबदारीनं वागलो असंच वाटलं. आता वाचते तेव्हा कळतं की एखाद्या भामट्याला पत्र लिहायला बसवलं असतं तर त्यानं पण शब्दाला शब्द हेच लिहिलं असतं. जुनं बंद होतंय, तात्काळ करा, नवीन नंबर हा घ्या, शंका असेल तर आम्हालाच विचारा.

वर अजून एक घोळ म्हणजे मी मेल ३०-३० च्या गठ्ठ्यानं पाठवली आणि सगळे पत्ते बीसीसी न करता सरळ टू मध्ये टाकले, घाई होती, डोक्यातच आलं नाही. म्हणजे प्रत्येक ग्राहकाला बाकीच्या २९ ग्राहकांचे मेल आयडी आयतेच मिळाले. हे पुढे महागात पडलं.

दोन दिवसांनी लँडलाईनवर एका ग्राहकाच्या अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन आला. खूप वर्षांपासून बोलणं आहे आमचं, आवाज ओळखतो एकमेकींचा. म्हणाल्या, "अहो, ते अकाउंट बदलायचं तुम्हीच पाठवलंय का?" मी म्हटलं हो, पण मॅडम पत्रात मोबाईल दिला होता ना, त्यावर का नाही केला. त्या हसल्या. "पत्रातल्या नंबरवर फोन केला तर ज्यानं पत्र पाठवलं तोच उचलणार ना! मी आपला तुमच्या मागच्या वर्षीच्या बिलावरचा नंबर काढला." मग म्हणाल्या, "आता मी आकडे वाचते, तुम्ही तुमच्या कागदावर जुळवा." सगळे आकडे एकेक करून वाचले, मी हो हो म्हणत गेले, तेव्हा कुठे त्यांनी सिस्टीमला बदल केला. मला मनातून जरा अतीच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

नवव्या दिवशी आमच्या काही ग्राहकांना दुसरी मेल गेली. आमच्याकडून नाही.

ती मेल मी नंतर पाहिली. विषय तोच, पुढे फक्त Re: लागलेलं, खाली आमची मूळ मेल जशीच्या तशी चिकटवलेली, म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार जुन्याच बोलण्याचा पुढचा भाग आहे. मजकूर असा की ऑडिटमुळे आधी कळवलेलं नवीन अकाउंट तात्पुरतं होल्डवर आहे, तरी पेमेंट सोबतच्या पत्रातल्या अकाउंटवर करावं. सोबत पीडीएफ, लेटरहेड आमचंच, सही पण आमचीच, आणि गंमत म्हणजे "पेमेंट करण्यापूर्वी खातरजमा करावी" ही ओळ पण तशीच ठेवलेली. फक्त मोबाईल नंबर त्यांचा. आमची सावधगिरीची सूचना त्यांनी फुकटात वापरून घेतली. पाठवणाऱ्याचा पत्ता नीट पाहिला तर आमच्या डोमेनमध्ये जिथे `m` आहे तिथे `rn` होतं, आणि बारीक अक्षरात ही दोन सारखीच दिसतात, मला स्वतःला फॉन्ट मोठा केल्यावर कळलं.

आता त्यांच्याकडे आमची मेल आली कुठून? आमचा आयटीवाला आधी आमचेच मेलबॉक्स तपासत बसला, तिथे काही सापडलं नाही. मग ज्यांना ज्यांना खोटी मेल आली ते पत्ते समोर ठेवले तर सगळे एकाच ३० च्या गठ्ठ्यातले निघाले. त्यातल्या एका ग्राहकाचा मेलबॉक्स कोणीतरी आधीपासून उघडून बसलं होतं. त्यांच्या आयटीनं पाहिलं तर आत एक नियम लावून ठेवलेला, पेमेंट किंवा इन्व्हॉइस असा शब्द असलेली मेल आली की ती इनबॉक्समधून उचलून RSS Feeds या फोल्डरमध्ये टाकायची. तो फोल्डर कोण उघडतं? कोणीच नाही. या धंद्यात ही नेहमीची पद्धत आहे, चोर आत शिरला की लगेच काही करत नाही, गप वाचत बसतो आणि योग्य वेळेची वाट बघतो. आम्ही अकाउंट बदलाची मेल पाठवून ती वेळ त्याला आणून दिली, वर बाकीच्यांचे पत्ते पण.

खोटी मेल गेलेल्यांपैकी बहुतेकांनी एकतर वाचली नाही किंवा दुर्लक्ष केलं. दोघांनी आम्हाला विचारलं, पण विचारलं सेल्सच्या पोराला व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि तो गावाला गेलेला. एका ग्राहकानं मात्र पैसे भरले, एका बिलाचे, आणि बिल छोटं नव्हतं.

आणि या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच आहे, की त्या ग्राहकानं फोन केला होता. खरंच केला होता. पत्रातल्या मोबाईलवर नाही, आमच्या ऑफिसच्या जुन्या नंबरवर, म्हणजे जसं करायला पाहिजे तसंच. रिसेप्शनला फोन लागला, त्यांनी विचारलं "तुमचं बँक अकाउंट बदललंय ना?" आणि आमच्या रिसेप्शनच्या ताईनं सांगितलं "हो बदललंय, मेल आली असेल ना तुम्हाला?" ते म्हणाले आली, थँक्यू, आणि फोन ठेवला. दोघांपैकी कोणीही खोटं बोललं नाही. अकाउंट खरंच बदललं होतं, मेल खरंच आली होती, फक्त त्यांच्या हातात जी होती ती दुसरीच. एरवी जेव्हा अकाउंट बदललेलं नसतं तेव्हा हाच प्रश्न विचारला की लगेच "नाही हो, कोण म्हणालं?" असं उत्तर येतं आणि चोरी पकडली जाते. पण कंपनी खरंच बँक बदलत असते तेव्हा हा प्रश्न बिनकामाचा होतो, कारण उत्तर कायम हो येणार. तेव्हा आकडेच वाचायला लागतात, पूर्ण, आणि तेही ग्राहकानं वाचायचे आणि आपण जुळवायचे. जुन्या बिलावरून फोन करणाऱ्या मॅडमनी नेमकं हेच केलं होतं आणि मला ते अती वाटलं होतं.

आम्हाला कळलं कसं तर पैसे भरल्यानंतर चार दिवसांनी, मी वसुलीचा फोन केला तेव्हा. ते म्हणाले शुक्रवारीच भरलेत की, रेफरन्स नंबर घ्या. मी जुनं अकाउंट पाहिलं, नवीन पाहिलं, दोन्हीकडे नाही. एरवी मी अजून दोन दिवस थांबले असते कारण बँक बदलाच्या काळात पैसे इकडेतिकडे होतातच, पण म्हटलं विचारून घेऊ कुठल्या नंबरवर भरले. त्यांनी शेवटचे चार आकडे सांगितले आणि माझ्या पोटात गोळाच आला.

पुढचं भराभर सांगते. त्यांनी त्याच मिनिटाला त्यांच्या बँकेला फसवणूक म्हणून कळवलं, पैसे परत मागवण्याची विनंती लावली, बँकेनं समोरच्या बँकेला कळवून ते अकाउंट गोठवलं, पोलिसात तक्रार केली. चार दिवसांत मोठी रक्कम तिथून पुढे दुसऱ्या अकाउंटांत गेली होती, उरलेला लहान भाग काही आठवड्यांनी परत मिळाला. अशा अकाउंटमधून पैसे बहुतेक वेळा काही तासांतच पुढे सरकतात, त्यामुळे चार दिवसांनी काही तरी मिळालं हेच नशीब. मग पुढचा वाद, नुकसान कोणाचं? ते म्हणाले तुमच्या ऑफिसनं हो म्हटलं, आम्ही म्हटलं आमच्या अकाउंटला पैसे आलेच नाहीत तर बिल फिटलं कसं. करारात यावर एक ओळ नव्हती. शेवटी साहेब आणि त्यांचे मालक बसले आणि अर्धं अर्धं वाटून घेतलं, संबंध जुने होते म्हणून जमलं, नाहीतर कोर्टातच गेलं असतं.

यानंतर आम्ही सगळं थांबवून परत पहिल्यापासून केलं. सगळ्यांना आधी फोन करून सांगितलं की अजून कोणीच काही बदलू नका, ज्यांनी केलंय त्यांनी आकडे वाचून दाखवा. मग नवीन पत्र तयार केलं, त्यावर आमची दोन दिवस डोकेफोड झाली. साहेबांचं म्हणणं होतं लाल अक्षरात इशारा टाकू, होलोग्राम लावू, सही स्कॅन न करता पेननं करू. मी म्हटलं साहेब, त्या पीडीएफवर पण सही तुमचीच होती. पत्र कितीही खरं दिसलं तरी उपयोग नाही, पत्र खोटं निघालं तरी ग्राहकाचे पैसे जाऊ नयेत असं काहीतरी पाहिजे. शेवटी हे गेलं:

"नमस्कार. आमचं बँक अकाउंट बदलत आहे. या पत्रात नवीन अकाउंट नंबर मुद्दाम दिलेला नाही आणि फोन नंबरही दिलेला नाही. नवीन अकाउंटचा तपशील बँकेच्या पत्रासह तुमच्या नोंदीतल्या पत्त्यावर कुरिअरनं येईल. तो आल्यावर, ज्या बिलाचे पैसे आम्हाला आधी नीट मिळाले आहेत अशा एखाद्या जुन्या बिलावरचा आमचा नंबर काढून फोन करा, अकाउंट्स विभाग मागा, आणि तुमच्याकडे आलेला अकाउंट नंबर पूर्ण वाचून दाखवा. आम्ही जुळवून सांगेपर्यंत जुन्याच अकाउंटवर भरा, ते चालू आहे आणि पुढचे सहा महिने चालू राहील. खात्री करण्यात वेळ गेला म्हणून कोणाचा माल थांबणार नाही, व्याज लागणार नाही. या बदलानंतर लगेच दुसरा बदल आम्ही करणार नाही, तसं कोणी कळवलं तर ते आम्ही नाही."

यातलं सहा महिन्यांचं वाक्य साहेबांकडून काढून घ्यायला सगळ्यात जास्त त्रास झाला, कारण नवीन बँक मागे लागलेली की जुनं बंद करा. पण जुनं अकाउंट उघडं असलं की ग्राहकाला घाई नसते, आणि घाई नसली की तो फोन करतो, एवढं साधं आहे. नवीन बँकेला आम्ही सांगितलं की जुन्यात आलेले पैसे रोज संध्याकाळी तुमच्याकडे वळवतो, ते मान्य झालं. सहा महिने दोन बँकांचे चार्जेस लागणार, पण एका बुडालेल्या बिलापुढे ते काहीच नाही.

"आधी नीट मिळालेल्या बिलावरचा नंबर" हे पण जरा विचार करून लिहिलंय. नुसतं "जुन्या बिलावरचा" म्हटलं तर कोणी मेलमध्ये आलेलं कालचं बिल उघडेल, आणि मेलबॉक्समध्ये चोर बसला असेल तर ते बिल पण त्यानं बदललेलं असू शकतं. ज्याचे पैसे पोचलेत ते बिल खरं होतं हे पैशानंच सिद्ध झालेलं असतं.

ऑफिसमध्ये पण नियम केला. रिसेप्शन, सेल्स, डिस्पॅच, कोणालाही अकाउंटबद्दल विचारलं तर एकच उत्तर, "मला सांगता येणार नाही, अकाउंट्सला जोडते." हो पण नाही आणि नाही पण नाही. अकाउंट्सच्या दोन फोनशेजारी नंबरचा कागद चिकटवला, आणि फोन आला की आम्ही आकडे आधी सांगायचे नाहीत, समोरच्याला वाचायला लावायचे. आपण सांगितले तर समोरचा अर्धवट ऐकून "हो हो तोच" म्हणून मोकळा होतो, माणसाचा स्वभावच आहे तो. कोणी कधी फोन केला, काय वाचलं, जुळलं का, हे एका वहीत. पहिल्याच आठवड्यात एकानं वाचलेले दोन आकडे उलटे निघाले, चोरी वगैरे काही नाही, टाईप करतानाची चूक, पण पैसे अडकलेच असते.

मोठ्या ग्राहकांचं वेगळंच असतं, आमच्या साधारण ४० ग्राहकांकडून बहुतेक पैसा येतो आणि त्यांच्याकडे स्वतःची पद्धत आहे. बदलाचा फॉर्म, अधिकृत सही, बँकेचं पत्र, मग त्यांचा माणूस त्यांच्या नोंदीतल्या नंबरवर आम्हाला उलटा फोन करतो, मग दुसरा माणूस मंजूर करतो. यात दोन-तीन आठवडे जातात. त्यांच्या मागे लागायचं नाही, उलट ज्यांनी एका दिवसात बदल केला त्यांची मला जास्त काळजी वाटली.

काहींनी टेस्ट पेमेंट केलं, छोटी रक्कम पाठवायची आणि पोचली का विचारायचं. चांगलंय, पण विचारायचं कसं यावर सगळं आहे. एका ग्राहकानं टेस्ट पाठवून मेलवर विचारलं "मिळाले का?" आता समजा अकाउंट चोराचं असतं आणि मेलबॉक्स पण त्याच्याच हातात असता तर त्यानं पण "मिळाले, धन्यवाद" असंच लिहिलं असतं ना. म्हणून आम्ही सांगितलं की विचित्र रक्कम पाठवा, सुटे पैसे वगैरे लावून, आणि आम्हाला ती सांगू नका, फोनवर आम्ही तुम्हाला सांगू किती आली.

मग कोणीतरी म्हणालं एवढं सगळं कशाला, पैसे पाठवताना बँक नाव दाखवतेच की. काही देशांत दाखवते, ब्रिटनमध्ये नाव आणि नंबर जुळवून सांगायची सोय २०२० पासून आहे, युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पासून ती बंधनकारक झाली. जिथे आहे तिथे वापरायचीच, आमचा तो ग्राहक ज्या पद्धतीनं पैसे पाठवत होता तिथे फक्त नंबरवर पैसे जात होते, नावाच्या रकान्यात काहीही लिहा. पण नावावर पण किती विसंबणार? २०१३ ते २०१५ मध्ये एका लिथुआनियन माणसानं गूगल आणि फेसबुक दोघांकडून मिळून १० कोटी डॉलरच्या वर काढले. क्वांटा कॉम्प्युटर ही त्यांची खरी पुरवठादार कंपनी तैवानची, यानं त्याच नावाची कंपनी लाटव्हियात रजिस्टर केली आणि त्या नावानं बँक अकाउंट उघडली. नाव तपासलं असतं तर बरोबरच दिसलं असतं. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

आयटीवाल्यानं त्याच्या बाजूनं `SPF`, `DKIM`, `DMARC` सगळं कडक केलं, म्हणजे आमचं हुबेहूब डोमेन वापरून कोणी मेल पाठवली तर ती अडते. पण `rn` वालं डोमेन त्या चोराचं स्वतःचं, कायदेशीर विकत घेतलेलं, त्याच्यावर हे काही चालत नाही. जवळपास दिसणारी आठ-दहा नावं आम्हीच विकत घेऊन ठेवली, पण सगळी कुठे घेत बसणार.

एक राहिलं, छोटं आहे पण डोक्याला ताप झाला. बिलाचा नमुना बदलला, कोटेशनचा बदलला, वेबसाईट बदलली, पण गोडाऊनवरून जे चलन जातं त्यावर जुन्या अकाउंटचा रबरी शिक्का मारत होते, हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. बिलावर नवीन नंबर, चलनावर जुना, त्यामुळे सावध झालेल्या ग्राहकांचे फोनवर फोन, की नक्की खोटं कुठलं. बिचाऱ्यांचं बरोबरच होतं, आम्हीच शिकवलं होतं ना. शिक्का मी स्वतः जाऊन कात्रीनं कापला.

आता पाच महिने झालेत. २१२ पैकी ११ ग्राहक अजून जुन्या अकाउंटवर भरतात, रोज संध्याकाळी ते पैसे इकडे येतात. त्यातल्या नऊ जणांना मी दोनदा फोन केला, करतो म्हणाले. उरलेले दोघं म्हणतात की तुम्ही फोन केलात म्हणून आम्ही बदलणार नाही, आम्ही करू तेव्हा करू. यावर मी काय बोलणार, पत्रात आम्हीच तसं लिहिलंय.